लीजमधून गळलेला ‘मूळ’

प्रश्न: नवीन प्रूफरीडरला सहीच्या आदल्या दिवशी भाडेपट्ट्यात एकच शब्द गळलेला सापडतो, अशी छोटी गोष्ट लिहायचीय. शब्द कोणता घ्यावा, तो तिला सापडेल कसा आणि पुढे ऑफिसात खरोखर काय होईल? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

उत्तर:

वकिलांच्या ऑफिसात डॉक्युमेंट तपासण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे पहिलं सांगणं हे की ‘नाही’ किंवा ‘न’ गाळू नका. बहुतेक जण तोच शब्द घेतात कारण अर्थ एकदम उलटा होतो आणि वाचणाऱ्याला धक्का बसतो. पण प्रत्यक्षात असा शब्द गळला की वाक्य लगेच खटकतं. ‘नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडे भरल्यास पट्टा रद्द होईल’ हे वाचून शिपाईसुद्धा म्हणेल की इथे ‘न भरल्यास’ पाहिजे, आणि समजा तसंच छापून सही झालीच तरी कोर्टात कुणी हे शब्दशः धरून बसणार नाही, कारण भाडं भरलं म्हणून कुणी भाडेकरूला बाहेर काढत नसतं.

घातक शब्द वेगळा असतो. तो गळल्यावरही वाक्य व्याकरणात बसतं, अर्थ लागतो, व्यवहाराला धरून वाटतं, फक्त जे ठरलं होतं ते त्यात राहिलेलं नसतं. असा शब्द डोळ्याला दिसत नाही. म्हणून मी तुमच्या गोष्टीसाठी ‘मूळ’ हा शब्द निवडते आणि गोष्टच सांगते. माणसं, गाव, आकडे मी घातलेत, पण ऑफिसात हे सगळं असंच चालतं.

सांगलीत मेन रोडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांची दोन मजली इमारत आहे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तळमजला त्यांनी एका डॉक्टर नवरा-बायकोला पॅथॉलॉजी लॅबसाठी द्यायचं ठरवलंय, मुदत १५ वर्षं, कारण लॅबवाले मशीन, पार्टिशन, एसी, प्लंबिंग यात बराच पैसा घालणार आणि त्यांना मधेच कुणी उठवायला नको. बोलणं चहाच्या टेबलावर झालं, भाडं महिना ८०,००० आणि दर तीन वर्षांनी सुरुवातीच्या भाड्याच्या १५ टक्के वाढ. मग ते एका पानाच्या टर्म शीटवर आलं, दोघांनी खाली सही केली आणि अण्णांच्या वकील मॅडमकडे ड्राफ्टिंगला गेलं. अण्णांना इंग्रजी डॉक्युमेंट नको होतं, म्हणून पट्टा मराठीत, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशा जुन्या पद्धतीचा, २२ पानी.

मुलगी तिथे नवीन लागलेली. एम.ए. मराठी, आधी एका प्रेसमध्ये दिवाळी अंकांची प्रुफं बघायची. तिला पहिल्या दिवशी सांगितलेलं, तू ऱ्हस्व-दीर्घ बघ, नावं बघ, आकडे आणि अक्षरी जुळतात का बघ, बाकी कायद्याचं मॅडम बघतात. आणि ती तेच करत होती, उद्या सकाळी ११ वाजता दुय्यम निबंधकांकडे नंबर लागलेला, ई-चलन भरून झालेलं, लेजर पेपरवर प्रिंट काढायच्या आधीची शेवटची फाइल तिच्या समोर, संध्याकाळचे साडेसहा.

आता ती हे कसं पकडते, गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. ‘तिची नजर अचानक त्या ओळीवर थांबली’ असं लिहिलंत तर आमच्यातलं कुणी विश्वास ठेवणार नाही, कारण त्या ओळीत थांबण्यासारखं काहीच नव्हतं. कलम ४.२ असं होतं: ‘भाडेपट्टा सुरू झाल्यापासून दर ३६ महिन्यांनंतर भाड्यावर १५ टक्के दराने वाढ होईल व असे वाढीव भाडे देणे लिहून घेणार यांचेवर बंधनकारक राहील.’ पुन्हा वाचून बघा, काही खटकतंय का? नाही खटकत. बाजारात असंच बोलतात. तिनंही पहिल्या वाचनात हे कलम पार केलं, टक्के बरोबर, ‘यांचेवर’ ही वकिली मराठी, तिला हात लावायचा नाही.

तिला ते सापडलं दुसऱ्याच पानावर. कलम १.६ मध्ये लिहिलेलं, ‘दरमहा रु. ८०,०००/- (अक्षरी रुपये ऐंशी हजार मात्र) इतके भाडे, ज्यास यापुढे “मूळ भाडे” असे संबोधले आहे.’ व्याख्यांच्या कलमात प्रेसच्या सवयीने ती एक काम करायची, तिथं अवतरणात बांधलेली प्रत्येक संज्ञा एका कागदावर उतरवून घ्यायची आणि पुढे ती जिथे जिथे येईल तिथे टिक करायची, म्हणजे ‘सदर मिळकत’ म्हटलंय तिथे नंतर ‘उक्त जागा’ तर झालं नाही ना, हे कळतं. शेवटच्या पानावर आली तेव्हा कागदावर अकरा संज्ञांपुढे टिका होत्या आणि ‘मूळ भाडे’पुढे एकही नाही.

हे कुणाला क्षुल्लक वाटेल. पण वकील एखाद्या गोष्टीला नाव देतो ते पुढे वापरायचं असतं म्हणून. नाव दिलं आणि कुठेच वापरलं नाही, तर दोनच शक्यता उरतात, एकतर जुन्या नमुन्यातून व्याख्या तशीच चिकटून आली, नाहीतर जिथे ती वापरलेली होती तिथून ती निघून गेली. आणि दुसरी शक्यता असेल तर कुठलं तरी कलम आज चुकीचं बोलतंय.

तिनं कंट्रोल-एफ मारून ‘मूळ भाडे’ शोधलं, फक्त एकच जागा आली, व्याख्येचीच. मराठीत काम करणाऱ्यांनी इथे सावध राहायचं असतं, कारण आपल्याकडे शब्द विभक्तीत बदलतो, ‘भाडे’चं ‘भाड्यावर’, ‘भाड्याच्या’, ‘भाड्यात’ होतं आणि सर्चला ते सापडतच नाही. ही मुलगी हुशार, तिनं नुसतं ‘मूळ’ शोधलं. चार जागा आल्या, एक व्याख्या, बाकी ‘मूळ मालक’, ‘मूळ कागदपत्रे’ आणि ‘मूळ प्रत’. म्हणजे भाड्याच्या बाबतीत तो शब्द खरंच कुठे नव्हता. मग तिनं ‘भाड’ एवढाच तुकडा शोधून भाड्याबद्दल बोलणारं प्रत्येक वाक्य वाचलं आणि दर वाक्यापाशी एकच प्रश्न विचारला, कुठलं भाडं? डिपॉझिटच्या कलमात उत्तर मिळत होतं, सरळ रक्कमच लिहिलेली. उशिराच्या दंडाच्या कलमात ‘त्या महिन्याचे देय भाडे’ असं होतं, तेही स्पष्ट. ४.२ मध्ये ‘भाड्यावर’, कुठल्या भाड्यावर ते नाही.

इथे तिनं कागदावर गणित मांडलं, आणि तुमच्या गोष्टीत हे गणित पूर्ण येऊ द्या, त्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार नाही की एका शब्दात काय जातं.

‘मूळ भाड्यावर १५ टक्के’ म्हणजे दर वेळी ८०,००० चे १५ टक्के, म्हणजे सरळ १२,०००. पहिली तीन वर्षं ८०,०००, मग ९२,०००, मग १,०४,०००, मग १,१६,००० आणि शेवटची तीन वर्षं १,२८,०००.

नुसतं ‘भाड्यावर १५ टक्के’ म्हणजे त्या वेळी जे भाडं चालू असेल त्याच्यावर, वाढीवर वाढ. ८०,०००, मग ९२,०००, मग १,०५,८००, मग १,२१,६७० आणि शेवटी १,३९,९२० आणि वर पन्नास पैसे.

पहिले दोन टप्पे बघा, दोन्हीकडे अगदी तेच आकडे. म्हणजे करार झाल्यावर सहा वर्षं कुणालाही काही कळणार नाही, चौथ्या वर्षी पहिली वाढ होईल तेव्हाही दोन्ही पक्ष ९२,००० वर खूश. फरक पहिल्यांदा दिसणार सातव्या वर्षी, तोही महिन्याला १,८०० चा, त्यावर कुणी भांडायला जात नाही, एकदा तसं भरलं की मग ‘तुम्ही तर असंच भरत आलात’ असं म्हणायला समोरच्याला जागा होते. पुढच्या टप्प्यात महिन्याला ५,६७० आणि शेवटच्यात जवळपास ११,९२०. छत्तीस-छत्तीस महिन्यांनी गुणून बेरीज केली तर ६४,८०० अधिक २,०४,१२० अधिक ४,२९,१३८, एकूण ६,९८,०५८. सात लाखाला दोन हजार कमी, एका दोन अक्षरी शब्दापायी.

आता ती काय करते. नवीन माणसाचा हात इथे शिवशिवतो, कर्सर ‘भाड्यावर’च्या आधी ठेवायचा, ‘मूळ’ टाइप करायचं, सेव्ह. हे तिनं केलं नाही आणि तुमच्या नायिकेनंही करू नये, कारण तो शब्द चुकून गेला की बोलणीत मुद्दाम काढला हे तिला माहीत नाही. चार ड्राफ्ट झालेले, मधे काय सौदा झाला असेल, डिपॉझिट कमी करून वाढ जास्त घेतली असेल, कोण सांगणार? वेलांटी दुरुस्त करणं तिचं काम, पण ज्या शब्दाने पैशाची दिशा बदलते तो घालणं हे काम पक्षकाराचं आणि त्याच्या वकिलाचं. प्रूफरीडर फक्त विचारतो. पण विचारायचंही पुराव्यासकट, नुसतं ‘इथे काहीतरी चुकलंय वाटतं’ असं म्हणत गेलं की साडेसहा वाजता कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून तिनं आधी जुने ड्राफ्ट उघडले. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये वाक्य असं होतं, ‘दर तीन वर्षांनंतर मूळ भाड्यावर १५ टक्के’. चौथ्यात ‘दर ३६ महिन्यांनंतर भाड्यावर १५ टक्के’. लॅबवाल्यांच्या वकिलांनी सुचवलेलं की ‘तीन वर्षे’ म्हटल्यावर आर्थिक वर्ष की करारापासूनचं वर्ष असा घोळ नको, महिने लिहा. रास्त सूचना. टाइप करणाऱ्याने माउसने ‘तीन वर्षांनंतर’ निवडताना वर्डने पुढचा अख्खा शब्दही निवडीत घेतला, वर ‘३६ महिन्यांनंतर’ टाइप झालं आणि ‘मूळ’ गेला. ट्रॅक चेंजेस चालू होते, म्हणजे तो लाल रेघेखाली सगळ्यांना दिसला असणारच, पण सगळे तिथे वर्षांचे महिने झाले का एवढंच बघत होते, ते झालेले दिसले, अ‍ॅक्सेप्ट ऑल. माझ्या अनुभवात गळालेले शब्द बहुतेक वेळा असेच जातात, नव्याने केलेल्या दुरुस्तीच्या अगदी शेजारून. म्हणून शेवटच्या वाचनाला वेळ थोडा असेल तर मी आधी दुरुस्त झालेल्या वाक्यांच्या अलीकडचा-पलीकडचा एकेक शब्द बघते.

तिनं वर्डमधलं कंपेअर लावून तिसरा आणि चौथा ड्राफ्ट शेजारी ठेवला, त्या पानाची प्रिंट काढली, आणि हेडक्लार्क काकांकडे गेली. काका म्हणाले, “अगं, दोन वकिलांनी वाचलंय ते, तू कशाला त्यात पडतेस? उद्या अकराला नंबर आहे.” काकांचाही दोष नाही, नंबर चुकला तर परत घ्यावा लागतो, अण्णांचं वय ऐंशीच्या पुढे, त्यांना रिक्षातून आणायचं, दोन साक्षीदार गोळा करायचे. ती म्हणाली, “काका, मी काही बदललं नाहीये. फक्त मॅडमना ही चिठ्ठी द्या.”

ती चिठ्ठी मी पूर्ण देते कारण क्वेरी कशी लिहायची हे नव्या लोकांना कुणी शिकवत नाही:

‘कलम १.६ मध्ये “मूळ भाडे” ही संज्ञा दिली आहे, पण पुढे कोणत्याही कलमात ती वापरलेली नाही. ड्राफ्ट ३ च्या कलम ४.२ मध्ये “मूळ भाड्यावर” असे होते, ड्राफ्ट ४ पासून “भाड्यावर” आहे. टर्म शीटमध्ये “सुरुवातीच्या भाड्याच्या १५ टक्के” आहे. हा बदल ठरवून केला आहे का? दोन्ही प्रकारे होणारे भाडे सोबत जोडले आहे. मी फाइलमध्ये बदल केलेला नाही.’

बघा, यात ‘चूक’ हा शब्द कुठेच नाही. कुठे आहे, आधी काय होतं, आता काय आहे, टर्म शीटमध्ये काय आहे, फरक किती, आणि शेवटी ‘मी हात लावलेला नाही’. हे शेवटचं वाक्य फार कामाचं असतं, कारण वकिलाला सगळ्यात आधी हीच भीती वाटते की फायनल म्हणून समोरच्याला पाठवलेल्या फाइलमध्ये आपल्या ऑफिसातल्या कुणी परस्पर काही घातलं तर नाही.

मॅडमनी चिठ्ठी उभ्याउभ्याच वाचली आणि खाली बसल्या. पहिलं काम त्यांनी हे केलं की समोरच्या वकिलांचा तो मेल काढला ज्यात त्यांनी चौथ्या ड्राफ्टच्या सूचना लिहिल्या होत्या. तीन मुद्दे होते, ‘मूळ’ त्यात नव्हता. स्वतःच्या ऑफिसातून गेलेलं उत्तर बघितलं, त्यातही नव्हता. म्हणजे कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही, शब्द नुसता पडला.

आता गोष्टीचा खरा पेच, आणि हा पेच ‘नाही’ गाळून तुम्हाला मिळाला नसता. मॅडम वकील अण्णांच्या, आणि शब्द गळल्याने फायदा अण्णांचाच. जे करार करतायत त्यांच्यातल्या एकाला काहीही न करता सात लाख मिळतायत आणि समोरच्याने ते वाचून ‘ओके’ कळवलंय. मॅडमनी अण्णांच्या घरी फोन लावला तर तो मुलाने घेतला, सगळं ऐकून तो म्हणाला, “मॅडम, त्यांच्या वकिलांनी वाचलंय ना? मग राहू दे की. आपण कुठे त्यांना फसवलं?”

मॅडमनी त्याला रागावून काही सांगितलं नाही, सरळ हिशोब सांगितला. करारात जे लिहिलंय ते दोघांचं खरं ठरलेलं नसेल तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली दस्त दुरुस्त करून मागता येतो, फसवणूक किंवा दोन्ही पक्षांची सामायिक चूक दाखवावी लागते. आज आत्तापर्यंत ही सामायिक चूक होती. पण ह्या फोननंतर एका पक्षाला माहीत आहे आणि तो गप्प बसून समोरच्याची सही घेतोय, मग तिला नुसती चूक म्हणता येणार नाही. आणि पुरावा तर भरपूर, टर्म शीटवर अण्णांची सही, तिसरा ड्राफ्ट, मेल, सगळं समोरच्या वकिलांच्या कॉम्प्युटरवरही आहे. सातव्या वर्षी कोर्टात हे निघालं तर सात लाख राहतील बाजूला, अण्णांनी दिलेल्या प्रत्येक शब्दावर संशय येईल. “आणि दादा, माझ्यापुरतं सांगते,” त्या म्हणाल्या, “मला माहीत असताना हा कागद मी उद्या पुढे ठेवणार नाही.”

मग फोन अण्णांनी घेतला. त्यांना ‘मूळ’ वगैरे काही सांगावं लागलं नाही, ते म्हणाले, “दर तीन वर्षांनी बारा हजार, असं बोलणं झालंय डॉक्टरांशी. तसं लिहिलंय ना?” लिहिलेलं नव्हतं. “मग लिहा.”

यापुढचं काम रुक्ष वाटेल, पण नवीन प्रूफरीडरची परीक्षा इथेच असते. दुरुस्ती आपल्या तोट्याची आणि समोरच्याच्या फायद्याची असली तरी ती गुपचूप करायची नाही, कारण समोरच्याने मंजूर केलेली फाइल एक आणि सहीला आलेली दुसरी असं झालं की विश्वास तिथेच संपतो. मॅडमनी समोरच्या वकिलांना फोन केला आणि मागोमाग मेल, बदल केलेलं पान, कंपेअरची प्रत, आणि जोडीला नवीन परिशिष्ट ‘क’, ज्यात पाच टप्प्यांचं भाडं महिन्यांसकट आकड्यात आणि अक्षरी लिहिलेलं. ही परिशिष्टाची कल्पना त्या मुलीच्याच गणितावरून आली. टक्क्यांच्या वाक्यातून पुन्हा शब्द पडला तरी तक्त्यातले आकडे उभे राहतात, आणि कलम ४.२ मध्ये एक वाक्य घातलं की मजकूर व तक्ता यांत फरक आढळल्यास तक्ता ग्राह्य धरला जाईल. हे वाक्य विसरलात तर तक्ता घालून उलट एक भांडण वाढतं, दोन जागी दोन गोष्टी आणि खरी कुठली हे कुणाला माहीत नाही.

समोरच्या वकिलांचं ‘मान्य’ असं उत्तर साडेआठला आलं. मग मुलीने फाइलमध्ये ‘मूळ’ घातला. एका शब्दाने ओळ खाली गेली, ओळीने परिच्छेद, आणि नवव्या पानावरचं सह्यांच्या जागेचं वाक्य दहाव्यावर घसरलं. पट्ट्यातल्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असतात, त्यामुळे एकच पान बदलून आत सरकवून भागत नाही, अख्खा संच पुन्हा छापायचा. परिशिष्ट ‘क’ वाढलं म्हणून शेवटी ‘परिशिष्ट अ व ब या पट्ट्याचा भाग आहेत’ असं होतं तिथे ‘अ, ब व क’ करायला लागलं, पानांची संख्या लिहिलेली होती ती २२ ची २३ झाली, रजिस्ट्रेशनसाठी ऑनलाइन डेटा एंट्री केलेली होती तिथे पानांचा आकडा बदलला.

आणि मग शेवटचं वाचन, ते तिनं काकांना सोबत घेऊन केलं. काकांनी तिसरा ड्राफ्ट मोठ्याने वाचायचा, तिनं नव्या प्रिंटवर पेन्सिल ठेवून बघायचं, जिथे जिथे फरक येईल तिथे थांबून विचारायचं की हा फरक मंजूर झालेल्यांपैकी आहे का. जुनी प्रत वाचणाऱ्याने वाचायची हे लक्षात ठेवा. नवीच प्रत एकट्याने वाचली की गळलेला शब्द मेंदू आपोआप भरून घेतो, आपल्याला अर्थ ठाऊक असतो ना. काही जण शुद्धलेखनासाठी मागून पुढे वाचतात, त्याने वेलांट्या सापडतात, पण नसलेला शब्द तसा कधीच सापडत नाही. स्पेलचेकही इथे गप्प राहतो, जो शब्द नाहीच त्याच्याखाली लाल रेघ कुठून येणार. ‘मूळ’ काकांच्या तोंडून आला तेव्हा तिच्या प्रिंटवरही होता, पुढे गेले. दहा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला सह्या झाल्या. लॅबच्या डॉक्टरबाईंनी परिशिष्ट ‘क’ बघून विचारलं हे नवीन काय, मॅडमनी त्यांच्या वकिलांसमोर रात्रीचं सगळं सांगितलं, बाईंनी पाचही आकडे बोट ठेवून वाचले आणि सही केली. दुपारी मुलीच्या टेबलावर एक बक्षीसपत्र तपासायला आलं होतं.

गोष्ट लिहिताना ‘आदल्या दिवशी’ याचं वजन वाचणाऱ्याला कळायला हवं, त्यासाठी हेच उशिरा सापडलं असतं तर काय, एवढं डोक्यात ठेवा. सहीच्या आधी सापडलं तर खर्च कागदाचा आणि एका संध्याकाळचा. सही झाली पण रजिस्ट्रेशन व्हायचंय अशा वेळी सापडलं तर शब्द पेनाने वर लिहून त्याच्याजवळ दस्त करणाऱ्या सगळ्यांच्या छोट्या सह्या घ्यायच्या, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे खाडाखोड किंवा ओळीमध्ये घुसवलेला शब्द अशा सहीशिवाय असेल तर निबंधक दस्त नाकारू शकतात. रजिस्ट्रेशन झाल्यावर सापडलं तर त्या कागदाला कुणी हात लावू शकत नाही, वेगळं चूक दुरुस्तीपत्र करून तेही रजिस्टर करायचं, आणि त्यासाठी दोन्ही पक्षांनी राजी व्हायला लागतं. एक जण तयार नसेल तर उरतं कोर्ट.

आणि सातव्या वर्षी सापडलं तर कदाचित कोर्टही पुरत नाही. समजा तोपर्यंत अण्णा गेले, मुलाने इमारत विकली, विकत घेणाऱ्याने रजिस्टर झालेला पट्टा वाचला, वाढीवर वाढ धरून १५ वर्षांचं भाडं मोजलं आणि त्या हिशोबाने किंमत दिली. त्याला टर्म शीटही माहीत नाही, चहाच्या टेबलावरचं बोलणंही नाही. कलम २६ मध्येच म्हटलंय की प्रामाणिकपणे, मोबदला देऊन तिसऱ्या माणसाने जे हक्क घेतलेत त्यांना धक्का न लावता जेवढी दुरुस्ती करता येईल तेवढीच कोर्ट करेल. मग डॉक्टरांकडे तिसरा ड्राफ्ट असला, मेल असले, अण्णांची सही असलेली टर्म शीट असली, तरी नवा मालक १,०५,८०० मागणार आणि डॉक्टरांना ते बहुधा द्यावे लागणार.